सहावं बोट नेमकं कुठलं? एडिटनंतर बिघडलेला हात दुरुस्त करताना

गुंडाळलेलं जॅकेट छातीशी धरून उभी असलेली एक बाई. काम एवढंच, की जॅकेटच्या जागी लाल पुठ्ठ्याचं जाडजूड पुस्तक हवं होतं. जॅकेटवर मास्क रंगवला, म्हणजे बदलायचा भाग टूलला खुणावून दिला, काय हवं ते लिहिलं आणि थोड्या वेळात पुस्तक आलं. प्रकाश बरोबर, सावली बरोबर, पुठ्ठ्याचा पोतसुद्धा झकास. पुस्तकावर टेकलेल्या हाताची बोटं मोजली. पाच. फाईल बंद करणार तेवढ्यात पुस्तकाच्या वरच्या कडेकडे लक्ष गेलं. तिथून अंगठा मागे वळलेला दिसत होता. म्हणजे पुठ्ठ्यावर पाच आणि वर हा एक. सहा.

नवीन माणूस हमखास इथेच फसतो. ‘पाच दिसली की झालं’ अशी आपली सवय असते. खरं तर हाताचा हिशोब चार अधिक एक असा मांडायचा. चार बोटं एका ओळीतून निघतात, अंगठा वेगळ्या ठिकाणाहून निघतो आणि वेगळ्या दिशेला तोंड करून असतो. त्यामुळे आधी अंगठा कुठे आहे ते शोधायचं, तो लपला असेल तर कशामागे लपला ते ठरवायचं, आणि मगच उरलेली मोजायची. पुस्तक धरलेल्या हाताचा अंगठा पुस्तकामागे असेल तर समोर चारच दिसायला हवीत. पाच दिसली तर तो दोष.

या लेखात हाच एक फोटो शेवटपर्यंत नेतो. फोटो 2400 बाय 3600 पिक्सेलचा आहे. हात बाईचा उजवा, म्हणजे आपल्याला डावीकडून आत येणारा. पंजाची पाठ आपल्याकडे, बोटं आपल्या उजवीकडे, अंगठा वर. अंगठ्याखाली तर्जनी, मग मधलं बोट, अनामिका आणि सगळ्यात खाली करंगळी.

हात बिघडतो का, ते आधी

कारण कळलं की दुरुस्ती कुठून सुरू करायची तेही कळतं, म्हणून दोन मिनिटं इथे घालवू.

स्टेबल डिफ्यूजनसारखी चित्रं बनवणारी एआय मॉडेलं तुमच्या पिक्सेलवर थेट काम करत नाहीत. चित्र आधी आकसून घेतात. लांबीत आठ पिक्सेल आणि रुंदीत आठ पिक्सेल मिळून एक चौकट, आणि सगळं चित्र अशा चौकटींमध्ये हाताळलं जातं. आता आपल्या फोटोतलं एक बोट साधारण 50 पिक्सेल रुंद होतं. टूलने 3600 ची बाजू 1024 वर आणली, म्हणजे साडेतीन पटींनी लहान केली. बोट उरलं 14 पिक्सेलचं. त्याला आठने भागा, दोन चौकटीसुद्धा होत नाहीत. एवढ्या जागेत बोट, त्याचा सांधा, नख आणि शेजारच्या बोटाशी असलेली फट हे सगळं बसवायचं! चेहरा मोठा असतो म्हणून निभावतो, बोटं निभावत नाहीत.

दुसरं कारण आपणच पुरवतो. जॅकेटवर मास्क रंगवताना बोटांवरून ब्रश गेला. अर्धा हात मास्कच्या बाहेर, अर्धा आत. आतला अर्धा मॉडेलने नव्याने कल्पून काढला, आणि कल्पताना त्याने काही मोजलं नाही. ‘बोटं एकाशेजारी एक असतात’ एवढंच त्याला पक्कं ठाऊक. एका बोटाशेजारी आणखी एक बोट हे त्याच्या दृष्टीने अगदी रास्त आहे.

म्हणूनच प्रॉम्प्टमध्ये ‘पाच बोटं’ लिहून किंवा नको असलेल्या गोष्टींच्या रकान्यात ‘जादा बोटं’ लिहून भागत नाही. कधी फरक पडतो, कधी नाही. मी त्यावर विसंबत नाही.

पहिली पायरी: मूळ फोटो शेजारी घ्या

दुरुस्तीला हात घालण्याआधी मूळ फोटो आणि एडिट केलेला फोटो एकाच फाईलमध्ये दोन लेयरवर ठेवा. मूळ खाली, एडिट वर. दोघांचं माप सारखं हवं. टूलने फोटो लहान करून दिला असेल तर तो आधी मूळच्या मापाला आणा. मग वरच्या लेयरचा मोड `Difference` करा. गिंप, क्रिटा, फोटोशॉप तिन्हींत हा मोड याच नावाने आहे. जिथे काही बदललं नाही तिथे काळं दिसेल, बदललं तिथे उजेड दिसेल. पुस्तक तर उजळेलच. हातात नेमकं कुठपर्यंत उजळतंय ते बघा.

आमच्या फोटोत मनगट काळं होतं. पंजाची पाठ मात्र उजळली होती, बोटांची मुळंसुद्धा. म्हणजे ज्याला हात लावायची गरजच नव्हती तेही टूलने बदलून टाकलं होतं. ही खरं तर चांगली बातमी. मूळ फोटोत बाईची बोटं जॅकेटच्या घड्यांत रुतलेली होती, पण पंजाची पाठ, चारही टेंगळं आणि प्रत्येक बोटाचं पहिलं पेर स्वच्छ दिसत होतं. तेवढं सगळं फुकटात परत मिळणार होतं.

(टेंगळं म्हणजे मूठ वळल्यावर पंजाच्या पाठीवर वर येतात ते चार उंचवटे. आणि पेर म्हणजे दोन सांध्यांमधला बोटाचा तुकडा. हे दोन शब्द पुढे सारखे येतील.)

मूळ फोटो बघण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते मी कधी टाळत नाही. काही माणसांना जन्मतः सहा बोटं असतात. काहींचं एखादं बोट गेलेलं असतं. टूल अशा वेळी आपल्या मर्जीने चार बोटांची पाच करून टाकतं, आणि आपण खूश होतो की वा, बरोबर पाच आहेत. खरा आकडा मूळ फोटोतला. त्या माणसाच्या हाताला जेवढी बोटं, तेवढीच हवीत.

दुसरी पायरी: कागदावर हजेरी घ्या

झूम 200 टक्के करा आणि कागद-पेन्सिल घ्या. स्क्रीनवर नुसतं बघून मोजलं की डोळा आपल्याला हवं तेच मोजतो.

मोजणी बोटांच्या टोकांकडून करू नका, मुळांकडून करा. टोकं कुठेही पसरू शकतात, एकमेकांआड जाऊ शकतात. टेंगळं मात्र चार आणि चारच. ती सरळ रेषेत नसतात, हलक्या कमानीत असतात. मधल्या बोटाचं सगळ्यात पुढे, करंगळीचं सगळ्यात मागे. एका रिकाम्या लेयरवर प्रत्येक टेंगळावर ठिपका द्या. मग प्रत्येक बोटाच्या टोकापासून मागे रेघ ओढत आणा आणि ती कुठल्या ठिपक्यावर येते ते बघा. एका ठिपक्याला एकच रेघ मिळाली पाहिजे.

आमच्याकडे वरून दुसरं आणि तिसरं बोट, दोन्ही एकाच टेंगळावर येऊन मिळत होती. बेचक्यासारखा आकार. जादा बोट या जोडीतलं होतं हे नक्की झालं. आता दोघांपैकी कुठलं?

इथे घाई करू नका. सहज काढता येईल असं, म्हणजे बहुतेक वेळा कडेचं बोट पुसून टाकण्याचा मोह होतो. कडेची करंगळी पुसली की आकडा जमतो, पण उरलेल्या चारांत कुणीच करंगळी राहत नाही आणि हात फावड्यासारखा दिसायला लागतो. पाची बोटं सारखी नसतात ही म्हण इथे अगदी शब्दशः घ्यायची. मधलं सगळ्यात लांब. तर्जनी आणि अनामिका त्याहून आखूड. त्या दोघींत कोण मोठी हे माणसागणिक बदलतं, त्यात चूक शोधू नका. करंगळीचं टोक, बोटं जुळवून सरळ ठेवली तर, साधारण अनामिकेच्या शेवटच्या सांध्यापाशी पोचतं. आता आपल्या जोडीतलं एकेक बोट झाकून बघा. कुठलं झाकल्यावर हा क्रम बसतो? आमच्या फोटोत दुसरं झाकलं की बसत होता. शिवाय त्या बोटाच्या मधल्या सांध्यावर सुरकुत्याच नव्हत्या आणि नखही वाकड्या बाजूला होतं. तेच उपरं.

उरलेल्या प्रत्येकासाठी कागदावर चार गोष्टी लिहा: नाव, कुठल्या टेंगळापासून निघतं, टेंगळापुढे किती वळणं आहेत, नख कुठे आहे. चार ओळींचा तक्ता होतो. अंगठ्याची पाचवी ओळ वेगळी.

सांधे कसे तपासायचे

या सगळ्या कामात सर्वांत जास्त उपयोगी पडणारी गोष्ट हीच आहे, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

चार बोटांत प्रत्येकी तीन पेरं, अंगठ्यात दोन. हाडंही तेवढीच, मिळून 14. टेंगळापुढे बोटाला दोनच सांधे असतात. म्हणजे पंजाची पाठ समोर असताना प्रत्येक बोटावर टेंगळापुढे दोन वळणं किंवा दोन सुरकुत्यांचे पट्टे दिसू शकतात, तीन कधीच नाहीत. आमच्या अनामिकेवर ठिपके देत गेलो तर तीन पडले. चार पेरांचं बोट! लांबीलाही ती मधल्या बोटाइतकी झाली होती. नुसतं बोटं मोजून हे कळलं नसतं.

इथे एक नियम मनात पक्का करा. कमी दिसलं तर ते लपलेलं असू शकतं, जास्त दिसलं तर त्याला माफी नाही. बोट कॅमेऱ्याकडे रोखलेलं असेल तर एकच पेर दिसेल, मुठीत शेवटचं पेर आत जाईल. हे दोष नव्हेत. चौथं पेर मात्र कुठल्याच कोनातून खरं नसतं.

सांधा कुठल्या बाजूला वळतो तेही बघा. टेंगळाचा सांधा बोटाला पुढे-मागे हलवतो आणि थोडा बाजूलाही, म्हणून तर आपण बोटं फाकवू शकतो. पुढचे दोन सांधे दाराच्या बिजागरीसारखे, फक्त तळहाताच्या दिशेने मिटणारे. बोट मधल्या सांध्यापाशी बाजूला मोडल्यासारखं दिसलं तर ते चूक समजा. (वयोमानाने किंवा संधिवाताने बोटं खरोखर वाकडी झालेली असतात, पुन्हा मूळ फोटो बघा.) शेवटचा सांधाही सहसा एकटा वळत नाही, मधला वळला की तोही वळतो. स्वतःच्या हातावर करून बघा, मधला सांधा ताठ ठेवून फक्त टोक मिटायला जा. मॉडेलं मात्र ताठ बोटाला टोकाशी आकडा काढून ठेवतात.

तळहात समोर असेल तर एक फसगत होते, ती आधीच सांगतो. तळहाताच्या बाजूने बोटाच्या मुळाशी जी घडी दिसते ती टेंगळाच्या सांध्यावर नसते, बरीच पुढे, पहिल्या पेराच्या साधारण मध्यावर असते. त्यामुळे तळहाताकडून बोटं आखूड दिसतात आणि पाठीकडून लांब. तळहाताच्या बाजूने पहिलं पेर आखूड दिसतं म्हणून ‘दुरुस्त’ करायला जाल तर बिघडवाल.

राहता राहिली नखं. पंजाची पाठ समोर असेल तर चार नखं जवळपास एकाच दिशेला तोंड करून असतात. अंगठ्याचं नख त्यांच्यापासून बरंच वळलेलं, सैल सोडलेल्या हातात जवळजवळ काटकोनात. पाचही नखं एका ओळीत कॅमेऱ्याकडे बघत असतील तर अंगठ्याच्या जागी टूलने बोट चिकटवलंय असा संशय घ्या.

हात डावा की उजवा हे तपासायलाही विसरू नका. उजव्या हाताची पाठ समोर, बोटं वर, तर अंगठा डावीकडे. मी एकदा बोटांत इतका गुंतलो होतो की पाच बोटं, चौदा पेरं, सगळं चोख करून फोटो पाठवला. ज्यांचा फोटो होता त्यांच्या लहान मुलीने विचारलं, “आईला दोन डावे हात आहेत का?” अंगठा खालच्या बाजूला होता. तेव्हापासून मी आपला खरा हात स्क्रीनसमोर त्याच स्थितीत धरतो आणि मगच पुढे जातो. शेजारी बसलेल्यांना गंमत वाटते, वाटू दे.

हात ओळखणारी सॉफ्टवेअरं वापरून मोजणी करता येईल का, असं बरेच जण विचारतात. ओपनपोझ किंवा मीडियापाइपसारखी साधनं हातावर 21 बिंदू बसवतात: मनगटाचा एक आणि प्रत्येक बोटाचे चार. पण ती नेहमी 21 च बसवतात. सहावं बोट असेल तर त्याच्याकडे दुर्लक्ष करतात आणि उरलेल्यांवर सुबक सांगाडा काढून देतात. सांगाडा नीट दिसला म्हणून हात नीट आहे असं होत नाही. पोझ ठरवून द्यायला ती छान, मोजायला आपलेच डोळे.

तिसरी पायरी: मूळचं परत आणा

आता काम. एडिटच्या लेयरला मास्क जोडा आणि पंजाच्या पाठीवर, टेंगळांवर आणि चारही पहिल्या पेरांवर काळ्या रंगाने, मऊ कडेच्या ब्रशने रंगवा. तिथली एडिट विरून खालचा मूळ हात वर येईल. जिथे मूळ फोटोत जॅकेट सुरू होतं तिथे थांबा.

एवढ्याने बरंच काही सुटतं. मूळ त्वचा, मूळ शिरा, मूळ टेंगळं, सगळं जागेवर. पण लगेच एक नवी अडचण दिसते. सहाव्या बोटाला जागा करून देण्यासाठी टूलने बाकीची बोटं फाकवली होती. त्यामुळे मूळ पहिलं पेर एका दिशेला आणि टूलने काढलेली पुढची दोन पेरं दुसऱ्या दिशेला, मधल्या सांध्यापाशी बाजूला मोड. वर म्हटलं तसं बिजागरी बाजूला वळत नाही. म्हणून पुढची पेरं फिरवून पहिल्या पेराच्या रेषेत आणायची.

चौथी पायरी: उपरं बोट काढा, बाकीची जुळवा

आधी उपरं बोट. त्यावर पुस्तकाचा पुठ्ठा आणायचा आहे, म्हणून क्लोन टूलने शेजारचा पुठ्ठा उचलून त्यावर भरा. पुठ्ठ्याचा पोत बारीक आणि एकसारखा असेल तर दोन-तीन ठिकाणांहून उचला, नाहीतर तोच डाग पुन्हा पुन्हा उमटतो.

मग त्याची सावली. ही बहुतेकांची राहून जाते. बोट गेलं, पण त्याने पुठ्ठ्यावर टाकलेली सावली तशीच राहिली, आणि बघणाऱ्याला काहीतरी खटकत राहतं, काय ते सांगता येत नाही. प्रत्येक सावलीचा मालक शोधा. मालक नसलेली सावली पुसा.

आता तर्जनी. तिची पुढची दोन पेरं निवडून वेगळ्या लेयरवर घ्या. फिरवण्याच्या टूलमध्ये मध्यबिंदू हलवता येतो. तो लेयरच्या मधोमध न ठेवता बरोबर मधल्या सांध्यावर आणा आणि पहिल्या पेराची रेषा सरळ पुढे जाईपर्यंत फिरवा. आमच्याकडे सातेक अंश लागले. मध्यबिंदू सांध्यावर नसेल तर बोट तिथून सुटून निघतं, हे एकदा करून बघितलं की कळतं. मधल्या बोटाला आणि करंगळीला याहून कमी फिरवावं लागलं.

अनामिकेचं ऑपरेशन थोडं मोठं. चार पेरांतलं एक काढायचं. कुठलं? पहिलं पेर मूळ फोटोतलं, ते राहणार. नखाचं शेवटचं पेर छान उतरलं होतं, तेही राहणार. मधल्या दोघांपैकी ज्यावरच्या सुरकुत्या अर्धवट होत्या ते कापलं आणि पुढचा भाग मागे सरकवून जोडला. जोडल्यावर पेरांचा उतार तपासला. पाठीकडून पाहिलं तर पहिलं पेर सर्वांत लांब, दुसरं त्याहून आखूड, शेवटचं सगळ्यात आखूड. आणि करंगळीचं टोक अनामिकेच्या शेवटच्या सांध्याच्या आसपास येतंय का तेही बघितलं. येत होतं.

टूलने दिलेली बोटं इतकी वितळलेली असतील की त्यांतून काहीच उचलता येत नाही, तर त्यांच्याशी झगडू नका. तसंच एखादं पुस्तक स्वतः हातात धरा आणि फोटो काढा. प्रकाश फोटोतल्या बाजूनेच येऊ द्या. मोबाईल हातापासून दीडेक मीटर लांब ठेवून झूम करा. अगदी जवळून काढला तर पुढची बोटं फुगून मोठी येतात आणि मग काही केल्या जुळत नाहीत. हा हात फोटोत चिकटवला की सांधे, पेरं, नखं सगळं आपोआप खरं असतं. त्वचेचा रंग आणि जाडी तेवढी जुळवावी लागते.

पाचवी पायरी: जोड मिटवायला पुन्हा टूल

या टप्प्याला हात ओबडधोबड दिसेल. जोडांवर कडा, रंगाचे ठिगळ. तसंच हवं आहे. रचना आपण ठरवली. आता टूलला फक्त त्वचा सारवायला सांगायची, रचनेत नाक खुपसू द्यायचं नाही.

त्यासाठी सगळे लेयर एकत्र करून एक प्रत काढा आणि फक्त बोटांच्या नव्या भागावर मास्क रंगवा. मूळ फोटोतून परत आणलेला भाग मास्कबाहेर ठेवा, जोडापाशी थोडासा आत घ्या. स्टेबल डिफ्यूजनच्या `AUTOMATIC1111` वेब यूआयमध्ये मी साधारण या आकड्यांपासून सुरुवात करतो:

```
Inpaint area: Only masked
Masked content: original
Only masked padding, pixels: 128
Mask blur: 8
Denoising strength: 0.4
```

पहिली ओळ सगळ्यांत महत्त्वाची. `Only masked` निवडलं की टूल फक्त मास्कभोवतीचा तुकडा कापून घेतं, मोठा करून त्यावर काम करतं आणि परत जागेवर बसवतं. आमचा मास्क 450 पिक्सेलच्या आसपास होता. दोन्ही बाजूंना 128 धरून तुकडा झाला सुमारे 700 चा, तो वाढवून 1024 चा. आता 50 पिक्सेलचं बोट 73 पिक्सेलचं झालं, म्हणजे नऊ चौकटी. मघाशी दोनही नव्हत्या.

`padding`, म्हणजे मास्कभोवतीची जादा जागा, मुद्दाम 128 घेतलं आहे. टूलमध्ये आधीपासून असलेलं 32 ठेवलं तर टूलला नुसती बोटं दिसतात, मनगट दिसत नाही. मग हात कुठून येतोय ते त्याला कळत नाही आणि ते पुन्हा अंदाज बांधायला लागतं. मनगट तुकड्यात आलंच पाहिजे.

`Denoising strength` म्हणजे टूलला किती मोकळीक द्यायची. टूलमध्ये आधीपासून 0.75 हा आकडा असतो, त्यात आपण बसवलेली बोटं उधळली जातात आणि सहावं पाहुणं परत येऊ शकतं. 0.2 ला फक्त त्वचेचा पोत बदलतो, कडा तशाच राहतात. 0.35 ते 0.45 मध्ये जोड मिटतात आणि रचना टिकते. प्रॉम्प्ट साधा, जे दिसतंय तेच: हात पुस्तकावर टेकलेला आहे, हाताची पाठ समोर आहे. सहा-आठ नमुने काढा आणि प्रत्येकावर कागदावरचा तक्ता पुन्हा लावा. सुंदर दिसतो तो नमुना घ्यायचा मोह होतो, पण तक्त्यात बसतो तोच घ्यायचा. एखाद्या नमुन्यात तीन बोटं छान आणि दुसऱ्यात चौथं छान आलं तर दोन्ही लेयरवर घेऊन मास्कने मिसळा. एकाच नमुन्यात सगळं यायची वाट बघत बसू नका.

तुमच्या टूलमध्ये यातलं काहीच नसेल, नुसतं लिहून सांगायची सोय असेल, तरी युक्ती तीच. मनगटासकट हाताचा चौकोन स्वतः कापा, मोठा करा, तेवढाच टूलला द्या, आणि परत आलेला तुकडा लहान करून जागेवर बसवा. अख्खा फोटो देऊन ‘फक्त हात दुरुस्त कर’ म्हणालात तर चेहराही थोडासा बदलून परत येऊ शकतो, आणि ते लक्षात यायला वेळ लागतो.

शेवटचे हात

नवा भाग मूळ फोटोपेक्षा गुळगुळीत दिसतो, कारण कॅमेऱ्याच्या फोटोत असतात ते बारीक दाणे त्यात नसतात. नव्या बोटांवर अगदी हलका नॉइज घाला आणि 100 टक्के झूमवर शेजारच्या मूळ त्वचेशी ताडून पाहा. लाल पुठ्ठ्याची थोडी लाली बोटांच्या खालच्या कडेवर यायला हवी. मूळ जॅकेट राखाडी होतं, त्यामुळे परत आणलेल्या पेरांवर ती नव्हती. मऊ ब्रशने अगदी पुसट दिली.

मग फोटो आडवा उलटा करून बघा. ओळखीचं चित्र परकं होतं आणि राहिलेली चूक डोळ्यांत भरते. डावा-उजवा तपासण्याचं काम मात्र उलटण्याआधी उरकून घ्या, नाहीतर स्वतःच गोंधळाल.

एकमेकांत गुंफलेले दोन हात असतील तर हेच सगळं, पण एका वेळी एकाच हाताचं. एका हाताच्या बोटांवर अर्धपारदर्शक निळा, दुसऱ्याच्या बोटांवर पिवळा रंग भरा. कुठलं बोट कुणाचं हे ठरवता येत नसेल तर ते बोट बहुतेक कुणाचंच नसतं.

आणि मागे गर्दीत उभ्या असलेल्या कुणाचा तरी चाळीस पिक्सेलचा हात बिघडला असेल, तर त्यावर सांधे मोजत बसू नका. मूळ फोटोतला तेवढा भाग मास्कने परत आणा. मूळ फोटोच हाताशी नसेल, तर तो हात थोडा धूसर करा, किंवा कुणाच्या तरी पाठीआड जाऊ द्या.

आमच्या फोटोतला हात तिसऱ्या फेरीत जमला. एक नमुना तर सगळ्या कसोट्यांत बसला होता, फक्त करंगळीचं नख तळहाताच्या बाजूला निघालं होतं. तो बाजूला ठेवला आणि पुढचा घेतला.